पूर्वरंग फार लांबला

माझी तक्रार कोणा माणसाविरुद्ध नाही. माणसाशी बोलून मिटवता येते. माझी तक्रार सात पुस्तकांविरुद्ध आहे आणि ती सातही माझ्या भल्यासाठीच लिहिली गेली असल्यामुळे दाद कुठे मागायची, हेही कळत नाही.

मी मनाम्यात राहते. नवरा अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात आहे, मुलगा सातवीत आहे आणि मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ला आहे. विषय आहे ‘बहारीनच्या मोतीव्यवसायातील कर्जव्यवहार, १९०० ते १९३२’. कोर्सवर्क तिकडे राहून उरकले. पहिले प्रकरण, म्हणजे प्रस्तावना, दीड महिन्यात झाले. दुसऱ्या प्रकरणाचे नाव ‘संबंधित साहित्याचा आढावा’. ते सुरू करून अकरा महिने झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंधाला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. त्यातली साडेतीन गेली आहेत.

माझ्या मार्गदर्शक मॅडम फार व्यग्र असतात. त्यांना सोयीची वेळ एकच, रविवारी सकाळी आठ. भारतात आठ वाजतात तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात आणि रविवार हा इथे आठवड्यातला कामाचा पहिला दिवस असतो. म्हणून माझ्या आयुष्यातली सगळी विद्वत्तापूर्ण चर्चा एका हाताने डब्याची पोळी लाटताना झाली आहे. अशाच एका रविवारी मॅडम म्हणाल्या, “तुमचा आढावा अडकलाय. जरा लेखनपद्धतीवरची पुस्तकं वाचा.” आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले.

तोवर माझा अडथळा साधा होता. ‘संबंधित साहित्य’ यातला ‘संबंधित’ हा शब्द मला आवरत नव्हता. पाणबुड्यावर वाचावे तर तो बोटीत बसलेला. बोटीवर वाचावे तर तिचे सागवान मलबारातून आलेले. मोती जातो मुंबईला, मुंबईहून पॅरिसला, म्हणजे पॅरिसही संबंधित. जपानी कृत्रिम मोत्यांनी बाजार बसवला, म्हणजे जपानही आलाच. संगणकावर मी ‘वाचायचे’ या नावाचा फोल्डर केला. तो भरल्यावर ‘नक्की वाचायचे’ हा केला. त्यात आता एकशे त्रेचाळीस फाइली आहेत आणि रोज रात्री झोपताना मला वाटते, की बराच अभ्यास झाला.

सांगली जिल्ह्यातून माझ्या जाऊबाई येणार होत्या. दरवर्षी त्या भाजणी, कोकम आणि मेतकूट आणतात. यंदा मी प्रथमच कळवले, की भाजणी नको, ‘हाऊ टू राइट अ थीसिस’ आणा. मला उंबेर्तो एको यांचे हवे होते. आले ते रोवेना मरी यांचे. दोघांच्या पुस्तकाचे इंग्रजी नाव तंतोतंत एकच आहे. मरीबाईंचे पुस्तक २००२ साली आले. एको यांचे मूळ इटालियन पुस्तक १९७७ सालचे, पण त्याचा इंग्रजी अनुवाद यायला २०१५ उजाडले. म्हणजे इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने थोरला भाऊ धाकट्या बहिणीनंतर जन्मला आणि तिचेच नाव घेऊन बसला. संदर्भ बिनचूक कसे द्यावेत हे शिकवणाऱ्यांच्या घरातच हा घोळ. भाजणी गेली ती गेलीच.

तिसरे पुस्तक जोन बोल्कर यांचे, १९९८ सालचे. दिवसाला पंधरा मिनिटांत प्रबंध लिहा, असे त्याचे शीर्षक सांगते. आत गेल्यावर बाई सांगतात, की पंधरा मिनिटांत प्रबंध होत नसतो. पंधरा मिनिटे ही फक्त अडकलेल्याने सुरुवात करण्याची किमान मुदत. त्या वेळात जे सुचेल ते ओबडधोबड खरडायचे, वाचून बघायचे नाही. हा त्यांचा शून्यावा खर्डा. मी प्रामाणिकपणे घड्याळ लावून बसले. पहिली चार मिनिटे चष्म्यात गेली. उरलेल्या अकरा मिनिटांत मी जे लिहिले, त्यातले शेवटचे वाक्य असे होते: “मला लॉरिमरचा कंटाळा आला आहे.” खर्डा म्हणून ते वाक्य खरे होते, पण प्रकरणात घालण्याजोगे नव्हते.

या लॉरिमरबद्दल थोडे सांगायला हवे, कारण माझ्या घरात त्याचे नाव नातेवाइकांपेक्षा जास्त घेतले जाते. जे. जी. लॉरिमर हा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा अधिकारी. आखाती प्रदेशाची माहिती अधिकाऱ्यांना हाताशी असावी म्हणून त्याने गॅझेटियर करायला घेतले. भूगोलाचा खंड १९०८ साली छापून झाला, इतिहासाचा १९१५ साली. दोन्ही मिळून सुमारे पाच हजार पाने. १९१४ साली बुशहरमध्ये स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी चुकून लागून तो वारला, त्यामुळे इतिहासाचा खंड त्याला छापील पाहायला मिळाला नाही. त्याच्याआधी मुंबई प्रांताच्या सेवेतल्या जे. ए. सालदान्हा यांनी सरकारी दप्तरांतून बहारीनच्या कारभाराचा १८५४ ते १९०४ पर्यंतचा सारांश काढून ठेवला होता. म्हणजे माझ्या प्रकरणातली पहिली दोन माणसे स्वतःच आढावे लिहिणारी. मी आढाव्यांचा आढावा घेत होते. हे सगळे दप्तर आहे लंडनमध्ये, आणि २०१४ पासून दिसते कतारच्या डिजिटल ग्रंथालयात. बहारीनमध्ये बसून बहारीनचा इतिहास मी कतारच्या संकेतस्थळावर वाचते. इथल्या शेजारणींना मी हे सांगत नाही.

एको यांचे पुस्तक शेवटी मिळाले. त्यांचा भर कार्डांवर आहे. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड, वाचून झाल्यावर त्याचे टिपणकार्ड, आणि कार्डावर आपले मत वेगळे, लेखकाचे वेगळे. त्यांनी एक गोष्ट लिहिली आहे ती मला फार लागली. माणूस लेखाची झेरॉक्स काढून घरी नेतो आणि ती जवळ आहे या समाधानात वाचायचेच टाळतो. हे १९७७ सालचे निरीक्षण. माझे एकशे त्रेचाळीस फाइलींचे फोल्डर त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षे आधी पाहिले होते आणि तरीही मला कोणी कळवले नाही.

पुढे ते स्वतःवरच एक प्रयोग करतात. मोठे ग्रंथालय नसलेल्या गावातल्या विद्यार्थ्याचे काय होईल हे पाहण्यासाठी ते आपल्या आलेस्सांद्रिया गावच्या ग्रंथालयात जातात आणि बरोक काळातल्या इटालियन ग्रंथांमधली रूपकाची कल्पना या विषयाची संदर्भसूची तीन दुपारींत, एकूण नऊ तासांत उभी करतात. मुद्दा असा, की आधी कोश आणि सूची बघायच्या, नावे कुठे कुठे पुन्हा येतात ते पाहायचे आणि मगच पुस्तक उघडायचे. मी हे केले आणि खरे सांगायचे तर उपयोग झाला. नऊ तासांत एकशे त्रेचाळीसपैकी जी नावे प्रत्येकाच्या तळटिपांत येत होती ती बारा निघाली. उरलेल्या एकशे एकतीस फाइली पुसायचा मात्र धीर झाला नाही. ‘नंतर’ नावाचा फोल्डर केला.

बारा पुस्तकांची कार्डे झाली एकशे चाळीस. ती मी जेवणाच्या टेबलावर नावांप्रमाणे लावली. लॉरिमरचा गठ्ठा, सालदान्हांचा गठ्ठा, फुआद खुरी यांचे १९८० चे बहारीनवरचे पुस्तक, नेलिदा फुक्कारो यांचे २००९ चे मनामा शहरावरचे, मॅथ्यू हॉपर यांचे २०१५ चे आखातातल्या गुलामांवरचे, फहद बिशारा यांचे २०१७ चे हिंदी महासागरातल्या कर्जावरचे, आणि असेच. मग या गठ्ठ्यांवरून लिहायला बसले. लिहिले ते असे:

“लॉरिमर (१९१५) यांनी पाणबुड्यांना दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेची नोंद केली आहे. खुरी (१९८०) यांनी मोतीव्यवसाय व सत्ता यांच्या संबंधांचे विवेचन केले आहे. हॉपर (२०१५) यांनी मोतीव्यवसायातील गुलामांच्या श्रमाकडे लक्ष वेधले आहे. बिशारा (२०१७) यांनी कर्ज व कायदा यांचा ऊहापोह केला आहे.”

अशी बासष्ट पाने झाली. नोंद, विवेचन, प्रतिपादन, ऊहापोह आणि लक्ष वेधणे, एवढ्या पाच क्रियापदांवर मी बासष्ट पाने काढली. मॅडमनी वाचून एकच शेरा दिला: “यात तुम्ही कुठे आहात?” पहाटेचे साडेपाच वाजले होते. मी म्हटले, “स्वयंपाकघरात.”

पाचवे पुस्तक बार्बरा कॅमलर आणि पॅट थॉमसन या दोघींचे, २००६ सालचे. आढाव्यावरच्या प्रकरणाला त्यांनी नाव दिले आहे: ऑक्टोपसला पेल्यात शिरायला राजी करणे. हे चित्र माझ्या मनातून अजून जात नाही. उपाय म्हणून त्या म्हणतात, की आढावा म्हणजे आपण दिलेली मेजवानी समजा. घर तुमचे, बोलावणे तुमचे, जेवण तुमचे. कोणाला बोलवायचे, कोणाला कोणाशेजारी बसवायचे, बोलण्याचा विषय काय, हे तुम्ही ठरवायचे. सगळ्या गावाला पान मांडायचे नसते.

कल्पना चांगली आहे. अडचण अशी, की मी मराठी घरातली आहे. आमच्याकडे पंगतीला कोणाला बोलवायचे हे यजमान ठरवत नाही. एकाला बोलावले, की त्याचा साडू आपोआप येतो. लॉरिमरला बोलावले तर सालदान्हांना वगळून कसे चालेल? आणि ज्याला वगळावे तो नेमका परीक्षक म्हणून यायचा. त्यामुळे माझी पंगत बासष्ट पाने लांब झाली होती. प्रत्येकाच्या पानात एक-एक क्रियापद वाढलेले होते आणि यजमानीण आत चुलीशी.

या सुमारास माझे सासरे इथे आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यापासून कीर्तनाखेरीज दुसरा नाद नाही. इथे कीर्तन नाही आणि जुलैच्या उन्हात संध्याकाळीही बाहेर पडवत नाही, त्यामुळे ते दिवसभर माझ्या टेबलासमोर बसून राहत. एका दुपारी त्यांनी विचारले, “सूनबाई, हे काय चाललंय?” मी त्यांना बासष्ट पानांचा सारांश सांगितला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला. अर्ध्या तासाने म्हणाले, “पूर्वरंग फार लांबला. आख्यान कधी लावणार?”

ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकले नाही त्यांच्यासाठी सांगते. कीर्तनाच्या पहिल्या भागात बुवा एक अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात, तो पूर्वरंग. मग मध्यंतरात नामजप होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. त्यानंतर उत्तररंगात तोच सिद्धांत पटवणारी गोष्ट लावतात, ते आख्यान. पूर्वरंग रेंगाळला, की मागच्या बायका उठून चपला शोधायला लागतात.

मला याचा राग आला, कारण हेच सांगायला पॅट्रिक डनलेव्ही यांनी २००३ साली एक अख्खे पुस्तक लिहिले आहे, माझ्या सातांतले चौथे, आणि ते मी पदरचे अकरा दिनार घालून घेतले होते. डनलेव्ही ऐंशी हजार शब्दांचा, दहा-दहा हजारांच्या आठ प्रकरणांचा प्रबंध धरून चालतात. त्यांची तक्रार अशी, की बहुतेक प्रबंध आधी सगळे साहित्य, मग सिद्धांत, मग पद्धत असे वरून खाली निमुळते होत येतात आणि विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढलेली गोष्ट अर्धा प्रबंध उलटून गेल्यावर भेटते. तोवर वाचक दमतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लिहिणाराही दमलेला असतो. म्हणून ते सांगतात, की गाभ्यापर्यंत लवकर या आणि उरलेले साहित्य शेवटी निष्कर्षांच्या जोडीने उलगडा. अण्णांनी हे अकरा दिनार न घालता सांगितले.

पण आख्यान लावायचे म्हणजे आधी ते आपल्याजवळ असायला हवे. ते आले वातानुकूलन यंत्रामुळे. आमच्याकडचे यंत्र जुने आहे. आधी खोकते आणि मग एकदम वारा सोडते. त्या दिवशी अण्णांनी ते पंचवीसवरून अठरावर केले आणि माझी एकशे चाळीस कार्डे हॉलभर झाली. काही सोफ्याखाली गेली, एक मुलाच्या पायाला चिकटून शाळेत गेले.

मी रडायच्या बेतात होते. अण्णा म्हणाले, “तू चहा टाक. मी लावतो.” त्यांनी आयुष्यभर पावत्या लावल्या आहेत. मी चहा करून येईपर्यंत त्यांनी कार्डांच्या पाच रांगा केल्या होत्या. नावांप्रमाणे नव्हे, कारण लॉरिमर कोण आणि बिशारा कोण हे त्यांना ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायचेही नव्हते. कार्डात काय लिहिले आहे ते वाचून त्यांनी रांगा लावल्या. पैसे कोण देतो, ही एक रांग. कोण घेतो, ही दुसरी. फिटले नाही तर काय, ही तिसरी. हिशेब कोण लिहितो, ही चौथी. “आणि हे बाकीचं बोटीबिटींबद्दल आहे, ते मी बाजूला ठेवलंय.” पाचवी रांग सर्वांत लांब होती.

आता मला सांगा, लेखकांच्या नावांऐवजी प्रश्नांप्रमाणे साहित्य लावा, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले आहे. उभ्या ओळीत लेखक, आडव्या ओळीत प्रश्न, असा तक्ता करायला सांगणारी पानेच्या पाने मी अधोरेखित करून ठेवली होती. मला ते जमत नव्हते, कारण मला नावे माहीत होती. अण्णांना जमले, कारण त्यांना माहीत नव्हती. तक्ता भरताना कोणते खाने रिकामे राहतात ते दिसते. इथे चौथी रांग, हिशेब कोण लिहितो याची, पाचच कार्डांची होती.

तिसऱ्या रांगेतले एक कार्ड उचलून अण्णांनी विचारले, “हे सलफ म्हणजे काय?” मी सांगितले. मोत्यांचा हंगाम उन्हाळ्यात चार महिने. हंगामाच्या तोंडावर नाखुदा, म्हणजे बोटीचा प्रमुख, पाणबुड्याला आगाऊ रक्कम देतो, ती सलफ. हंगाम नसताना घर चालवायला आणखी देतो, ती तसकाम. हंगामाअखेर त्याच्या वाट्यातून ती वळती होते. बहुधा फिटत नाही, मग पुढच्या हंगामाला तो त्याच नाखुद्याच्या बोटीवर. नाखुद्याने स्वतः व्यापाऱ्याकडून कर्ज घेतलेले असते.

“म्हणजे उचलच की,” अण्णा म्हणाले. “नाखुदा म्हणजे मुकादम. मुकादमाने कारखान्याकडून घेतलेली असते. कोयत्यामागे किती दिली ते मुकादमाच्या वहीत. तोडणीवाल्याला वही वाचता येत नाही. आमच्याकडं भांडणं उचलीवरून नाही व्हायची, वहीवरून व्हायची.”

साडेतीन वर्षे मी याच विषयावर आहे. शीर्षकात ‘कर्जव्यवहार’ असा शब्द घालून बसले होते. उचल हा शब्द मला सुचला नव्हता, कारण तो कोणत्याही संदर्भग्रंथात नव्हता.

इथे मला सहाव्या पुस्तकाची माफी मागावी लागते. हॉवर्ड बेकर यांचे समाजशास्त्रज्ञांसाठीच्या लेखनावरचे पुस्तक १९८६ सालचे. त्यातल्या आठव्या प्रकरणाचे नावच ‘साहित्याची दहशत’ अशा अर्थाचे आहे. ते म्हणतात, की आपण टेबल बनवतोय असे समजा. सगळे भाग स्वतः घडवायचे नसतात. मुठी, कड्या बाजारात तयार मिळतात, त्यांच्यासाठी जागा सोडायची आणि आणून बसवायच्या. इतरांचे साहित्य म्हणजे हे तयार भाग. पण त्यासाठी टेबल आपले हवे. मी अकरा महिने टेबलाशिवाय कड्या गोळा करत होते.

बेकर यांनी याचा धोकाही स्वतःच्या उदाहरणाने सांगितला आहे. १९५३ साली त्यांनी गांजा ओढणारे लोक ओढायला कसे शिकतात यावर लेख लिहिला. त्या काळचे साहित्य एकच विचारत होते, की ही माणसे बिघडलेली का असतात. बेकर त्या प्रश्नाशी भांडत राहिले. पुढे त्यांना वाटले, की शरीराला येणाऱ्या अनुभवाचा अर्थ लावायला माणूस कसा शिकतो हा मोठा प्रश्न आपल्या हातात होता आणि आपण तो दुसऱ्याच्या भांडणात घालवला. साहित्य वाचायलाच हवे, पण त्याचा प्रश्न आपला म्हणून उचलायचा नाही. माझ्या साहित्याचा प्रश्न होता, की पाणबुड्याचे कर्ज ही बेडी की व्यापाराचा धागा. अण्णांचा प्रश्न होता, की वही कोणाकडे.

मी परिच्छेद पुन्हा लिहिला:

“पाणबुड्याच्या कर्जाकडे दोन नजरांनी पाहिले गेले आहे. एका नजरेला त्यात श्रम बांधून ठेवणारी बेडी दिसते. आखातातल्या सक्तीच्या श्रमाचा मागोवा घेणारा हॉपर (२०१५) या बाजूला येतो. दुसऱ्या नजरेला कर्ज हा दूरवरच्या माणसांना एका व्यवहारात गुंफणारा आणि कायद्याच्या भाषेत बोलणारा धागा वाटतो (बिशारा, २०१७). दोन्ही बाजू कर्ज किती व का याबद्दल बोलतात. कर्जाचा आकडा ज्या वहीत लिहिला जात होता ती कोणाच्या हाती होती, हा प्रश्न दोन्हींत कडेला राहतो. बहारीनमध्ये १९२० च्या दशकातल्या सुधारणांनी पाणबुड्याला त्याची स्वतःची हिशेबाची पुस्तिका दिली, आणि तरीही १९३२ साली पाणबुडे उचलीच्या रकमेवरून दंगा करून उठले. वही हाती आल्यावरही भांडण का मिटले नाही, हे या प्रबंधाला पाहायचे आहे.”

पहिल्या परिच्छेदात प्रत्येक वाक्य माणसाच्या नावाने सुरू होत होते. दुसऱ्यात एकही होत नाही. आपण यादी लिहितोय की युक्तिवाद, हे ओळखायची एवढीच खूण मला सापडली. वाक्यांचे पहिले शब्द तेवढे पेन्सिलीने गोल करायचे. सगळ्या गोलांत माणसेच निघाली, तर ती पाहुण्यांची यादी आहे.

मॅडमना पाठवला. त्यांनी विचारले, “‘कडेला राहतो’ म्हणता. खरंच राहतो, की तुम्ही वाचलं नाही?” हा प्रश्न योग्य होता, कारण याआधी मी एकदा तोंडावर पडले होते. मुंबईच्या बाजारावर कोणी लिहिलेच नाही असे मी ठोकून दिले होते. रॉबर्ट कार्टर यांच्या २०१२ च्या मोत्यांच्या इतिहासात मुंबईचा बाजार आहे. ते पुस्तक माझ्या ‘नंतर’ फोल्डरमध्ये होते. कोणी लिहिले नाही, हे वाक्य बहुतेक वेळा मी वाचले नाही, असे वाचावे लागते. म्हणून मी दोन महिने फक्त चौथ्या रांगेसाठी वाचले. ‘नंतर’मधली नऊ पुस्तके उघडली, प्रत्येकात फक्त हिशेब, वही, नोंद एवढेच शोधले. पाच कार्डांची अकरा झाली. ‘कोणी लिहिले नाही’ हे वाक्य काढून ‘कडेला राहतो’ हेच ठेवले. ते कमी शूर आहे, पण टिकते.

सातवे पुस्तक जॉन स्वेल्स यांचे, १९९० सालचे. शोधलेखांची प्रास्ताविके कशी रचलेली असतात यावर स्वेल्स यांनी १९८१ साली अठ्ठेचाळीस लेख तपासून चार टप्पे सांगितले होते. त्यातला दुसरा टप्पा होता पूर्वीच्या संशोधनाचा सारांश. १९९० च्या पुस्तकात त्यांनी टप्पे तीन केले: क्षेत्र दाखवा, त्यात जागा शोधा, ती जागा घ्या. सारांशाचा वेगळा टप्पा काढूनच टाकला, कारण इतरांचे संदर्भ एका जागी बसत नाहीत, ते तिन्ही टप्प्यांत पेरलेले असतात. म्हणजे मी ज्या प्रकरणात अकरा महिने अडकले होते, ती खोली स्वेल्स यांनी पस्तीस वर्षांपूर्वीच नकाशातून पुसली होती. हे पुस्तक मी सर्वांत शेवटी वाचले.

मग मी बासष्ट पाने फोडली. सलफेचे तपशील तिसऱ्या प्रकरणात गेले, जिथे त्यांचे काम होते. मुंबईचा बाजार पाचव्यात गेला. गुजरातेतल्या बारडोलीच्या उसात खानदेशातून येणाऱ्या तोडणी कामगारांवर यान ब्रेमन यांनी लिहिले आहे. त्यांना शेवटच्या प्रकरणात, आखाताबाहेर तुलना करायला ठेवले. पूर्वी त्यांना पंगतीत जागा नव्हती. दुसऱ्या प्रकरणात उरली चोवीस पाने, हिशेबाच्या वहीभोवती रचलेली. अण्णा जायच्या आदल्या रात्री मी त्यांना ती वाचून दाखवली. ते उठून चपला शोधायला लागले नाहीत. माझ्या दृष्टीने हार-बुक्का तोच.

मॅडमनी रविवारी साडेपाचला फोन केला. म्हणाल्या, “वाचलं. बरं झालंय. पण चोवीस पानं परीक्षकांना कमी वाटतील हो. आढावा म्हणजे कसं, जरा जाडी दिसायला हवी. ती जुनी पानं फेकली तर नाहीत ना?”

फेकली नव्हती. फेकणे माझ्या स्वभावात असते तर ‘नंतर’ फोल्डर झालाच नसता. लॉरिमरने पाच हजार पाने लिहिली, पण मोत्यांवर लिहिणारे सगळे उठून जिथे जातात ते त्याचे परिशिष्ट ‘सी’ आहे. तेव्हा बोटींची, सागवानाची आणि उरलेल्या विवेचन-ऊहापोहाची पाने मी शेवटी जोडली, वर ‘परिशिष्ट तीन’ असे टाइप केले आणि पोळी तव्यावर टाकली.